दोन्हीकडून एक-एक टक्का: दलाली कशी ठरवावी, कशी सांगावी आणि कधी घ्यावी

"काका, एक टक्का तुमच्याकडून आणि एक टक्का घेणाऱ्याकडून. तुम्ही किती देताय ते त्यांना माहीत असेल आणि ते किती देतायत ते तुम्हाला."

पुण्यात रिसेल फ्लॅटची कामं घेताना पहिल्या भेटीत, चहाचा कप खाली ठेवायच्या आत, मी हे वाक्य बोलून टाकतो. पूर्वी बोलत नव्हतो. "तुमचं किती?" असं कुणी विचारलं तर "बघू हो, व्यवहार तर होऊ दे, तुमच्याकडून जास्त थोडंच घेणार" असं म्हणायचो. व्यवहार व्हायचा, आणि मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर झाडाखाली उभं राहून टक्क्यांवरून घासाघीस चालायची. त्या वेळी दलालाच्या हातात काहीच नसतं. काम होऊन गेलेलं असतं, आणि झालेलं काम सगळ्यांना सोपं वाटतं.

हे लिखाण मुख्यतः या धंद्यात नवीन आलेल्यांसाठी आहे. पण घर घेणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने वाचलं तरी चालेल, त्यांच्याच खिशाचा विषय आहे. उदाहरण एकच घेतो: कोथरूडमधला जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक निवृत्त गृहस्थ, घेणारं नोकरदार जोडपं, मध्ये दलाल मी एकटाच.

आधी दर कुठून येतो ते

महाराष्ट्रात दलालीचा टक्का कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेला नाही. रेरा कायदा २०१६ चा. त्यात एजंटची नोंदणी आहे, जबाबदाऱ्या आहेत, दंड आहे, पण दर नाही. दर रिवाजाने चालतो आणि बोलून ठरतो. पुण्यात रिसेल फ्लॅटला दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी १ ते २ टक्के चालतात. "सगळीकडे दोनच टक्के आहेत, नियमच आहे" असं कुणी सांगितलं तर तो नियम त्याच्या दुकानाचा आहे.

मी साधारण एक-एक टक्का घेतो. मात्र २५ लाखांच्या वन आरकेला एक टक्का म्हणजे २५ हजार होतात, आणि कागदपत्रांची धावपळ ८० लाखांच्या फ्लॅटइतकीच असते, कधीकधी जास्तच. म्हणून लहान घरांना मी टक्का सांगतच नाही, ठरावीक रक्कम सांगतो. टक्का सांगून मागाहून "पण कमीत कमी चाळीस हजार होतात" म्हटलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेतानाचा हिशेब वेगळा. तिथे दलाली साधारणपणे बिल्डर देतो, घेणाऱ्याने काही द्यायचं नसतं, आणि प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर एजंटही नोंदलेलाच लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक 'ए' या अक्षराने सुरू होतो. नोंदणीशिवाय असं काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड बसू शकतो. रिसेलला ही सक्ती लागू होत नाही, तरी मी नोंदणी ठेवली आहे, कारण वर्षातून दोन-तीन गिऱ्हाइकं शेवटी नवीन प्रकल्पाकडेच वळतात.

मालकाशी बोलणं: 'नेट'चा सापळा

कोथरूडच्या काकांनी पहिल्याच भेटीत तेच सांगितलं जे दहापैकी सहा मालक सांगतात. "हे बघा, मला टक्केबिक्के कळत नाहीत. माझ्या हातात ८३ लाख पडले पाहिजेत. वरचं तुमचं."

नव्या दलालाला हे ऐकून गुदगुल्या होतात. बाजारात भाव ८८ चा असेल तर पाच लाख सुटले! पण हे पाच लाख खिशात कसे येणार याचा विचार करा. घेणारा ८८ ला तयार झाला तर बँक ८८ चं साठेखत मागणार. कागदावर ८८ म्हणजे पैसे जाणार मालकाच्या खात्यात, आणि कर मोजला जाणार तोही ८८ वर. मग मालकाने तुम्हाला पाच लाख काढून द्यायचे. त्या दिवशी त्याला आठवणार की घर माझं, कर माझा, आणि पाच लाख हा घेऊन चाललाय. बरं, घेणारा आणि मालक एकमेकांना भेटणारच आहेत. ८३ आणि ८८ हे दोन आकडे एका टेबलावर आले की दोघेही तुमच्याकडे बघतात. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २१६ आहेच: एजंटने मालकाच्या नकळत स्वतःसाठी व्यवहार करून मिळवलेला फायदा मालक मागू शकतो.

म्हणून 'नेट' ऐकलं की मी लगेच कागद काढतो आणि नेटचा टक्का करून दाखवतो. काकांना असं सांगितलं:

"तुम्हाला ८३ हातात हवेत ना? मग आपण ८४ ला विकू. एक टक्का म्हणजे ८४,००० माझे. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५,१२०. एकूण ९९,१२०. ८४ लाखांतून ते वजा करा. उरले ८३,००,८८०. तुमचे ८३ आले, वर ८८० रुपये पेढ्यांना. आणि ८५ ला गेला तर तो वरचा लाख तुमचा, माझा नाही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नेटमध्ये वाढीव भाव दलालाचा होतो, टक्क्यात तो मालकाचा राहतो. हे मालकाच्या लक्षात आलं की तो स्वतःच टक्क्यावर येतो. फक्त एक खुलासा तिथेच करावा, की हे ८३ लाख कर भरायच्या आधीचे आहेत. कराचं गणित मालकाने सीएकडे बसून करायचं.

जीएसटीचंही तेव्हाच बोलून घ्यावं. "एक टक्का" सांगून बिलात १.१८ टक्के निघाले की भांडण ठरलेलं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. या फ्लॅटसारखा एक व्यवहार दोन्हीकडचे मिळून १,६८,००० देतो. असे बारा झाले की २० लाख ओलांडले. म्हणजे महिन्याला एक काम करणाऱ्यालाही जीएसटी लागतो. पण ज्याची नोंदणीच नाही त्याने जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घेऊ नये. गिऱ्हाइकाने बिलावरचा क्रमांक बघावा. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो.

"पण तुम्ही करता काय?"

काकांनी विचारलंच. "फोटो टाकायचे आणि चार लोकं आणायची, एवढ्याचे ८४ हजार?"

या प्रश्नाला भाषणाने उत्तर देऊ नये. मालकाच्या फाइलने द्यावं. मी म्हटलं, "काका, फाइल दाखवा." शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं होती, काकांचं आणि काकूंचं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. सोसायटीत नॉमिनी म्हणून काकांचं नाव होतं, त्यामुळे घर आपोआप आपलं झालं अशी त्यांची समजूत. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काकूंच्या हिश्श्यात मुलगा आणि मुलगीही वारस आहेत. मुलगी कर्वेनगरला, मुलगा कॅनडात. दोघांचं हक्कसोडपत्र नोंदवल्याशिवाय कोणतीही बँक या फ्लॅटवर कर्ज देणार नव्हती, आणि मुलगा येऊ शकत नव्हता म्हणून तिकडून कुलमुखत्यारपत्र मागवावं लागणार होतं.

हे टोकन घेतल्यानंतर निघालं असतं तर? घेणाऱ्याच्या बँकेचा वकील कागद परत पाठवतो, दोन महिने जातात, घेणारा टोकन परत मागतो, आणि काकांनी तोवर ते पैसे भावाच्या नातवाच्या फीला दिलेले असतात. आम्ही ते आधी केलं. कागद तयार होईपर्यंत मी घर कुणाला दाखवलंही नाही. ८४ हजारांतले निदान निम्मे त्या कामाचे होते असं मी मानतो, आणि काकांनीही पुढे कधी तो प्रश्न विचारला नाही.

तेव्हा मालकाला दलाली समजावताना त्याच्याच फाइलमधली एक अडचण शोधा. जुन्या सोसायटीत ती सापडतेच: वारस नोंद राहिलेली असते, पार्किंगचं पत्र हरवलेलं असतं, जुन्या कर्जाचे मूळ कागद बँकेकडून परत आणलेले नसतात. अडचण खरंच एकही नसेल, घर रिकामं असेल, आणि मालक म्हणाला "अर्धा टक्का घ्या", तर मी घेतोही.

घेणाऱ्याशी बोलणं: सगळं एका कागदावर

घेणाऱ्याला दलालीचा राग रकमेपेक्षा जास्त ती उशिरा कळल्याचा असतो. त्याने ८४ लाखांची तयारी केलेली असते. मग मुद्रांक शुल्क कळतं, मग नोंदणी फी, आणि सगळ्यात शेवटी, जेव्हा बचत संपलेली असते, तेव्हा दलाल समोर येतो.

म्हणून घर आवडलंय असं दिसलं की दुसऱ्या भेटीआधीच मी एक कागद देतो. या जोडप्याला दिलेला असा होता:

> घराची किंमत: ८४,००,०००
> मुद्रांक शुल्क ७ टक्के (पुणे महापालिका हद्द): ५,८८,०००
> नोंदणी फी: ३०,०००
> दलाली १ टक्का अधिक जीएसटी: ९९,१२०
> एकूण: ९१,१७,१२०
> बँकेने किमतीच्या ८० टक्के दिले तर कर्ज: ६७,२०,०००
> स्वतःजवळ लागणारे: २३,९७,१२०

शेवटची ओळ वाचून दोघं गप्प झाले. त्यांनी १६ लाख ८० हजारांची तयारी केली होती, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या वरचा वीस टक्के हिस्सा. बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर, मुद्रांक शुल्क आणि दलाली स्वतःच्या खिशातून जाते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती सात लाखांची जुळणी करायला त्यांनी तीन आठवडे मागितले. मला ते परवडले. टोकननंतर तीन आठवडे गेले असते तर काकांचा जीव टांगणीला लागला असता. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही मी सांगतो. इथे ती मोजलेली नाही, कारण त्यांना दोघांच्या नावावर घ्यायचं होतं.)

या कागदात दलालीची ओळ पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या खाली येते, त्यामुळे ती आपोआप लहान दिसते. पण मी कागद देतो तो त्यासाठी नाही. ज्याला हा आकडा झेपणार नाही तो आधीच कळतो.

"तुम्ही त्यांचे की आमचे?"

हा प्रश्न जोडप्यातल्या वहिनींनी विचारला, आणि तो चांगलाच प्रश्न आहे. दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस नक्की कुणासाठी भाव करतो? बरेच दलाल दोघांनाही खासगीत "मी तुमचाच" असं सांगतात. पुढे सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोघं गप्पा मारतात आणि ते उघडं पडतं.

मी त्यांना गणित दाखवलं. "भाव एक लाखाने वाढला तर मला प्रत्येक बाजूकडून हजार रुपये जास्त मिळतात, म्हणजे दोन हजार. एक लाखाने उतरला तर दोन हजार कमी. त्या दोन हजारांसाठी मी व्यवहार मोडणार नाही. माझा स्वार्थ व्यवहार होण्यात आहे, भाव वर जाण्यात नाही. त्यामुळे एक लक्षात ठेवा, मी 'घेऊन टाका' म्हणालो तर त्यात माझा स्वार्थ आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू मी देतो, भाव त्यावरून तुम्ही ठरवा."

इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, त्यात मोबदल्याची रक्कम असते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. त्याच इमारतीतला किंवा शेजारचा एखादा व्यवहार दाखवला की दोन्ही बाजूंची हवा थोडी उतरते.

आणखी दोन गोष्टी मी दोघांना सारख्याच शब्दांत सांगतो. तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल हे मी त्यांना सांगणार नाही, आणि ते कमीत कमी कितीला सोडतील हे तुम्हाला सांगणार नाही. पण घराच्या कागदातली अडचण कुणीही विचारली नाही तरी सांगेन. काकूंच्या वारसांचा सगळा प्रकार मी जोडप्याला पहिल्या दिवशीच सांगितला होता.

घेणाऱ्याने स्वतःचा दलाल आणला तर गोष्ट सोपी होते. आमच्यात त्याला 'साइड बाय साइड' म्हणतात: मालकाचा दलाल मालकाकडून घेतो, घेणाऱ्याचा घेणाऱ्याकडून. त्यात दुसऱ्याच्या माणसाकडे हात पसरायचा नाही. गोंधळ होतो तो साखळीत तिसरा शिरला की. "गिऱ्हाईक माझ्या मित्राच्या ओळखीचं आहे" असं म्हणत कुणी आलं, तर घर दाखवायच्या आधी त्याला कोण देणार हे फोनवर न बोलता मेसेजमध्ये लिहून घ्यावं.

चिठ्ठी: चार ओळी पुरतात

दहा पानी करार कुणी वाचत नाही आणि पहिल्या भेटीत पुढे केला तर माणूस पळतो. मी घर दाखवायच्या आधी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतो आणि "मान्य" एवढं उत्तर मागतो. टोकनच्या वेळी तोच मजकूर कागदावर, दोघांच्या सह्यांनी. घेणाऱ्याला पाठवलेला असा:

> "नमस्कार. उद्या सकाळी ११ वाजता कोथरूडचा फ्लॅट बघायला जाऊ. व्यवहार ठरला तर साठेखतात लिहिलेल्या किमतीच्या १ टक्का अधिक जीएसटी इतकी दलाली तुमच्याकडून. मालकाकडूनही तेवढीच घेतो, दोघांनाही हे माहीत आहे. निम्मी साठेखत नोंदल्यावर, निम्मी मालकाला पूर्ण पैसे मिळून ताबा मिळाल्यावर. साठेखताआधी कोणत्याही कारणाने व्यवहार मोडला तर दलाली नाही. आजपासून सहा महिन्यांत हे घर तुम्ही थेट मालकाकडून घेतलंत तरी हेच लागू. मान्य असल्यास कळवा."

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या भांडणातून आला आहे.

"साठेखतात लिहिलेल्या किमतीच्या" हे शब्द असे आले: एका व्यवहारात फर्निचरचे तीन लाख वेगळ्या चेकने दिले गेले, आणि टक्का त्यावरही धरायचा का यावरून अर्धा तास वाद झाला. आता धरायचा नाही, विषय संपला. याच शब्दांचा दुसरा उपयोग म्हणजे काही मालक थोडी रक्कम रोख मागतात आणि "दलाली पूर्ण भावावर घ्या, फक्त बोलू नका" असं आमिष दाखवतात. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. चिठ्ठीत कागदावरची किंमत लिहिलेली असली की आमिषच उरत नाही.

"सहा महिन्यांत थेट" ही ओळ खरं सांगायचं तर फारशी कामाची नाही. ज्याला चुकवायचं आहे तो भावाच्या नावावर घेतो, आणि ४० हजारांसाठी कोर्टात कोण जातं? पण ती लिहिलेली असली की सरळ माणसाला चुकवणं जड जातं, आणि माझी बहुतेक गिऱ्हाइकं सरळ असतात.

मालकाची चिठ्ठीही अशीच, फक्त तिच्यात एक ओळ जास्त: या मुदतीत घर आणखी कुठल्या दलालाकडे दिलं आहे का. दिलं असेल तर हरकत नाही, पण मग कुणाच्या गिऱ्हाइकाने घेतलं त्यालाच दलाली, हे लिहायचं.

पैसे केव्हा घ्यायचे

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्याच्या चौथ्या वर्षी मी टोकनच्याच दिवशी पूर्ण दलाली घेतली, दोन्हीकडून. घेणारा खुशीत होता, म्हणाला घेऊन टाका. महिन्याने बँकेने कर्ज नाकारलं, कारण इमारतीच्या वरच्या मजल्याला पूर्णत्वाचा दाखलाच नव्हता. मी तो कागद बघितला नव्हता. घेणाऱ्याने दलाली परत मागितली, आणि मी त्या पैशांतून गाडीचे दोन हप्ते भरून बसलो होतो. उसने काढून परत केले. मालकाचे परत करायला आणखी दोन महिने लागले, आणि त्या सोसायटीतून मला पुन्हा काम मिळालं नाही.

करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. पण 'काम पूर्ण' म्हणजे नक्की काय? माणूस आणून दिला की झालं? टोकनवर? साठेखतावर? ताब्यावर? दलालाच्या मते नेहमी अलीकडचं, गिऱ्हाइकाच्या मते नेहमी पलीकडचं. म्हणूनच ते लिहायचं. माझी पद्धत निम्मी-निम्मी. साठेखत नोंदलं म्हणजे दोघंही कायद्याने बांधले गेले, माझं मुख्य काम झालं. उरलेले निम्मे कर्जाची रक्कम मालकाच्या खात्यात पडून किल्ली हातात आल्यावर, म्हणजे सोसायटीची एनओसी आणि बँकेची धावपळ मी अर्ध्यावर सोडत नाही, याची त्यांना खात्री राहते. आमच्यातले बरेच जण साठेखतालाच पूर्ण घेतात. तेही चुकीचं नाही, आधी सांगितलं असेल तर.

भाव ठरायच्या दिवशी दलालीवर एक हल्ला होतो, त्याची तयारी ठेवावी. काका ८४ वर, जोडपं ८३ लाख ७५ हजारांवर, आणि मग दोघंही माझ्याकडे वळले: "तुम्हीच सोडा की पंचवीस." इथे नवा दलाल दबतो आणि फक्त एका बाजूला सूट देतो. मग दुसरी बाजू म्हणते, आम्हाला का नाही? मी सांगितलं की माझं जे आहे ते दोघांना सारखं आहे, कमी करायचं तर दोघांचं होईल आणि मग ते भावात कुठेच दिसणार नाही. दहा मिनिटं शांतता. शेवटी काका म्हणाले बेडरूमचा एसी आणि चिमणी तशीच ठेवतो, काढून नेऊन करू काय. ८४ ला ठरलं.

बिल, आणि दोन वेळा ८४ हजार

बिलं दोन, वेगवेगळी, दस्तात ज्यांची नावं आहेत त्यांच्याच नावाने, आणि पैसे बँकेतूनच. "बिल नको, जीएसटी वाचवा, रोख घ्या" असं मालक हमखास म्हणतो. त्याला त्याचाच तोटा दाखवावा. घर विकून झालेल्या भांडवली नफ्यात विक्रीसाठी दिलेली दलाली वजा मिळते, पण बिल आणि बँकेतली नोंद असेल तरच. काकांचा कर १२.५ टक्क्यांच्या दराने धरला तर ९९,१२० च्या वजावटीवर १२,३९० रुपये वाचतात. घेणाऱ्यानेही बिल जपून ठेवावं. पुढे कधी घर विकताना ही रक्कम खरेदी खर्चात दाखवता येते.

आता या व्यवहारातला सगळ्यात मजेशीर गैरसमज. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने मालकाच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. म्हणजे इथे ८४,०००. दलालीही १ टक्का, तीही ८४,०००. साठेखतानंतर आठवड्याने काकांचा सकाळी सात वाजता फोन. आवाज चढलेला.

"तुमचे ८४ हजार तुम्ही त्यांच्याकडून परस्पर कापून घेतलेत, आणि वर मला बिल पाठवलंत?"

मी गेलो, सोबत टीडीएसचं चलन. पॅन काकांचाच होता, रक्कम आयकर खात्याच्या नावाने जमा. ते ८४ हजार तुमच्याच नावावर सरकारकडे आहेत, विवरणपत्र भरताना करात वळते होतील, उरले तर परत मिळतील, आणि यातला एक पैसाही माझ्याकडे आलेला नाही, हे समजावायला पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला, तिने कर्वेनगरहून तेच सांगितलं, तेव्हा पटलं.

तेव्हापासून मालकाच्या चिठ्ठीत मी एक वाक्य वाढवलंय: "किमतीच्या १ टक्का टीडीएस घेणारा कापेल, तो दलालीत धरलेला नाही." किंमत ५० लाखांच्या वर आणि दलाली एक टक्का असेल तर दोन्ही आकडे दर वेळी तंतोतंत जुळणार, आणि दर वेळी कुणीतरी सकाळी सातला फोन करणार.

काकांनी निम्म्या दलालीचा चेक त्याच दिवशी दिला. उरलेला किल्ली देताना दिला. त्याआधी मात्र मला घरभर फिरवून एसीचा रिमोट कुठल्या खणात ठेवलाय ते दोनदा दाखवलं, त्या पोरांना सांगा म्हणाले.